नोंदवहीबाहेरच्या बायका

पंधरा-वीस वर्षे प्रॅक्टिस केलेला डॉक्टर पीएच.डी.साठी अर्ज करतो तेव्हा त्याच्या निवेदनाचे पहिले पान बहुधा ठरलेले असते. ग्रामीण भागातली सेवा, रोजचे शंभर रुग्ण, रात्री-अपरात्रीची बाळंतपणे, आणि मग ‘या सगळ्यातून माझ्या मनात एक प्रश्न उभा राहिला’. दुसऱ्या पानावर तो प्रश्न येतो, पण तोवर त्याचे उत्तरही ठरून गेलेले असते. मार्गदर्शकाने आता फक्त त्या उत्तरावर शिक्का मारायचा आहे, असा एकूण सूर. इंजिनिअरांची निवेदनेही फार वेगळी नसतात. तिथे रुग्णांच्या जागी मशिनी असतात, एवढेच.

माझे म्हणणे असे की अशा अर्जदाराच्या निवेदनातला सगळ्यात मोलाचा भाग तो बहुतेक वेळा लिहीतच नाही. आपण ज्या खुर्चीत बसून इतकी वर्षे पाहिले, त्या खुर्चीतून काय दिसत नव्हते, हा तो भाग. प्रश्न कामातून उगवला हे खरे. पण काम जसा प्रश्न देते, तसा तो वाकवूनही देते. ते वाकणे ज्याला सांगता येते, त्याच्या अनुभवाचे संशोधनात रूपांतर होऊ शकते. ज्याला ते सांगता येत नाही, त्याची तीन वर्षे आपलेच मत मोठ्या आवाजात सांगण्यात जातात.

कामातून प्रश्न उगवण्याचे आपल्याकडचे ठळक उदाहरण म्हणजे डॉ. हिंमतराव बावस्कर. मूळचे जालना जिल्ह्यातले. 1976 मध्ये ते महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचवाचा दंश नित्याचा होता आणि माणसे दगावत होती. त्या काळी अँटिहिस्टामिन, स्टेरॉइड अशी औषधे दिली जात, आणि मृत्यू नेमका कशाने होतो याचा उलगडा नीट झालेला नव्हता. बावस्करांनी रुग्णाच्या खाटेशेजारी बसून तासातासाने जे दिसेल ते लिहून ठेवायला सुरुवात केली. उलट्या, दरदरून घाम, हातपाय गार पडणे, रक्तदाब चढणे, आणि काही तासांनी छातीत पाणी भरून फेसाळ खोकला. मृत्यू विषबाधेच्या कुठल्या धूसर परिणामाने नाही, तर हृदय निकामी होऊन येतो, असे त्यातून दिसू लागले. पुढे ते पुण्याला एम.डी. करायला गेले आणि परत महाडला आले. पूर्वलक्षणांवरचा त्यांचा लेख 1982 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. विंचवाचे विष शरीरात अशी रसायने उसळवते की रक्तवाहिन्या आकसतात आणि हृदयावर भार येतो. मग त्या वाहिन्या सैल करणारे, रक्तदाबासाठी वापरले जाणारे प्रॅझोसिन का देऊ नये? डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह केलेल्या त्या कामाचा लेख 1986 मध्ये त्याच नियतकालिकात छापून आला.

ही कथा बहुतेकांना ठाऊक असते आणि ती सांगून झाली की लोक थांबतात. मला तिचा पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. प्रॅझोसिन आल्यावर मृत्यू खूप घटले. पण ‘आधी इतके मरत, आता इतके मरतात’ ही तुलना दोन काळांची आहे. मधल्या वर्षांत रस्ते सुधारले, माणसे लवकर पोचू लागली, डॉक्टरचा हातही सरावला. यातले काय किती, हे दोन काळांच्या तुलनेतून कळत नाही. बावस्कर दांपत्याने पुढे जे केले ते 2011 मध्ये ‘बीएमजे’त आले. लाल विंचू चावलेल्या 70 रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्या तसे दोन गटांत वाटले. निम्म्यांना नुसते प्रॅझोसिन, निम्म्यांना प्रॅझोसिन आणि शिवाय विंचवावरची प्रतिविषलस. दहा तासांनंतर लस मिळालेल्या गटातले 91 टक्के रुग्ण पूर्ण बरे झाले होते, नुसत्या प्रॅझोसिनच्या गटातले 23 टक्के. ज्या औषधाने त्यांचे नाव झाले ते एकट्याने पुरेसे वेगवान नाही, हे त्यांच्याच चाचणीने दाखवले. अनुभवी माणसाचा प्रश्न पिकला की नाही, याची याहून चांगली खूण मला माहीत नाही. उत्तर आपल्या आवडत्या गोष्टीच्या विरुद्ध जाऊ शकेल अशी चाचणी त्याने स्वतः रचली का, एवढेच पाहावे.

खुर्चीतून काय दिसत नाही, याचे उदाहरण मात्र गडचिरोलीचे आहे. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांचा लेख 1989 च्या ‘लॅन्सेट’मध्ये आला. दोन खेड्यांतल्या 650 बायकांची तपासणी. दवाखान्यात आलेल्या बायकांची नव्हे, त्या गावांतल्या बायकांची. 92 टक्के बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही आजार निघाला, आणि त्याआधी कधीतरी अशी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या 8 टक्के. स्त्रीरोगाच्या ओपीडीत कितीही वर्षे बसलेल्या डॉक्टरला जे चित्र दिसते, ते या 8 टक्क्यांच्या आसपासचे चित्र असते. ती डॉक्टर खोटे बोलत नसते. तिच्या नोंदवहीतली प्रत्येक ओळ खरी असते. नोंदवहीत नसलेल्या बायकांविषयी मात्र ती वही एक अक्षर सांगत नाही, आणि वही जाडजूड असली की हे विसरायला होते.

आता पाचोड. पैठण तालुक्यातले, संभाजीनगर-बीड रस्त्यावरचे मोसंबीच्या बाजाराचे गाव. आरोग्याच्या संशोधनात या गावाचे नाव बाहेर गेले ते डॉ. अशोक दयालचंद आणि डॉ. मनीषा खळे यांच्या इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंटमुळे. लवकर लग्न झालेल्या, अंगात रक्त नसलेल्या मुली बाळंतपणाला येतात हे इथल्या कुठल्याही दवाखान्याला दिसत होतेच. या संस्थेने त्याच्या मागे जाऊन मुलींचे लग्नच उशिरा व्हावे यासाठी गावोगाव संध्याकाळचे जीवनकौशल्याचे वर्ग चालवले. रोज तासभर, वर्षभर. 1997 ते 2001 या काळात प्रकल्पाच्या गावांत अठराच्या आत होणाऱ्या लग्नांचे प्रमाण सुमारे 81 टक्क्यांवरून 62 टक्क्यांवर आले. पण हा आकडा एकटा असता तर त्याला फारसा अर्थ नव्हता. लग्नाचे वय तसेही सगळीकडे हळूहळू वाढतच असते. त्याला वजन येते ते तुलनेच्या गावांमुळे. जिथे वर्ग नव्हते तिथे त्याच काळात तसा लक्षणीय बदल दिसला नाही. म्हणजे पाचोडच्या परिसरात निवेदन लिहायला बसणाऱ्या डॉक्टरला ‘तुलना कोणाशी?’ हा प्रश्न परदेशी पुस्तकातून शिकावा लागत नाही. तो तिच्या गावाच्या हद्दीतच विचारला गेलेला आहे.

तेव्हा अशी एक डॉक्टर आपण रचून घेऊ. व्यक्ती कल्पित, पण तिची परिस्थिती या पट्ट्यातल्या कोणालाही ओळखू येईल अशी. पाचोड-अंबड भागात स्त्रीरोगतज्ज्ञ, पंधरा वर्षांचा दवाखाना. तिच्या निवेदनाच्या पहिल्या खर्ड्यातले मुख्य वाक्य असे: ‘गरोदर बायकांना लोहाच्या गोळ्या नियमित देऊनही त्यांचे हिमोग्लोबिन वाढत नाही असे मी पंधरा वर्षे पाहत आहे, म्हणून या भागातील रक्तक्षयाचे खरे कारण लोहाची कमतरता नसावे.’

वाक्य तडफदार आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या सुमारे 54 टक्के बायकांत रक्तक्षय आढळला, हा आकडा त्याला जोडता येतो. निवड समितीतले अर्धे लोक मान डोलावतील. आता ते वाक्य तिने स्वतःच उसवावे.

हिमोग्लोबिन मोजले कशाने? दवाखान्यात पहिली बरीच वर्षे साहलीची नळी होती. बोटातून 20 मायक्रोलिटर रक्त, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात, दहा मिनिटे थांबायचे, मग डिस्टिल्ड वॉटर थेंबथेंब टाकत शेजारच्या तपकिरी काचेशी रंग जुळवायचा. दहा मिनिटांच्या ऐवजी चारच मिनिटे थांबले तर रंग पूर्ण चढत नाही आणि आकडा खरा असतो त्याहून कमी येतो. बाजाराच्या दिवशी, बाहेर चाळीस बायका बसलेल्या असताना, दहा मिनिटे कोण थांबते? शिवाय रंग जुळला की नाही हे ठरवणाऱ्या डोळ्याला आधीच्या वेळचा आकडा माहीत असतो. नोंदवही उघडून साहलीच्या काळातले आकडे मोजले तर हे लगेच दिसेल. खरे वितरण असते तर 9.3, 9.7, 10.2 असे आकडे सारखे विखुरले असते. वहीत जर 9, 9.5 आणि 10 यांचीच गर्दी असेल, तर ते आकडे मोजलेले कमी आणि अंदाजलेले जास्त.

दुसरी गाठ शरीरशास्त्राची आहे आणि ती डॉक्टरला एम.बी.बी.एस.पासून माहीत आहे, पण ओपीडीत आठवत नाही. गरोदरपणात रक्तातले पाणी जवळजवळ 40 ते 50 टक्क्यांनी वाढते, तांबड्या पेशी त्या मानाने कमी, साधारण 20 ते 30 टक्क्यांनी. त्यामुळे धडधाकट, भरपूर लोह असलेल्या बाईचेही हिमोग्लोबिन दुसऱ्या तिमाहीत उतरते आणि सातव्या महिन्याच्या आसपास सगळ्यात खाली असते. तिसऱ्या महिन्यात 10.8 असलेली बाई गोळ्या खाऊन सातव्या महिन्यात 10.6 वर असेल, तर डॉक्टरला ‘वाढले नाही’ असे दिसते. गोळ्या नसत्या तर ते 9.6 झाले असते की नाही, हे त्या बाईच्या कार्डावरून कधीच कळणार नाही. त्यासाठी दुसरी बाई लागते.

उलट दिशेची फसगतही आहे. ज्यांचा पहिला आकडा फार कमी आला त्यांनाच डॉक्टर दुप्पट गोळ्या किंवा सलाइनमधून लोह देते. पहिला आकडा फार कमी येण्यात थोडा वाटा मोजणीतल्या चुकीचा असतोच. दुसऱ्यांदा मोजले की तो आपोआप वर सरकतो, औषध दिले नाही तरी. गोळीला तिचे श्रेय मिळत नाही आणि योगायोगाचे श्रेय सलाइनला मिळते. पंधरा वर्षांत असे शेकडो वेळा घडले की ‘माझा अनुभव असा की गोळ्या चालत नाहीत, सलाइन चालते’ हे वाक्य तयार होते. आणि ते इतके पक्के होते की पुढे ते कोणी तपासतही नाही.

पण या भागातली सर्वात मोठी गाठ वेगळीच आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास पैठण, अंबड, गेवराई, बीडकडच्या गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवराबायकोचा मिळून एक कोयता धरतात, आणि पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात फडावर गेलेली ही माणसे मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. ऑगस्टमध्ये नाव नोंदवलेली गरोदर बाई यात असते. आशाताई तिला लाल गोळ्यांच्या स्ट्रिप देते, माता-बाल संरक्षण कार्ड देते, आणि बाई दृष्टीआड होते. गोळी रोज एक, 60 मिलिग्रॅम लोह आणि फोलिक ॲसिड, चौथ्या महिन्यापासून किमान 180 दिवस. हे 180 दिवस आणि ऊसतोडीचे पाच-सहा महिने जवळजवळ एकमेकांवर बसतात. डॉक्टरच्या वहीत जानेवारीत जिचा दुसरा आकडा सापडतो ती बाई गावात राहिलेली आहे. म्हणजे जिच्या घरी थोडी जमीन आहे, किंवा जिला त्रास इतका होता की नेलेच नाही, किंवा जिची सासू तिच्यासाठी थांबली. या तीन प्रकारच्या बायका एकमेकींसारख्या नाहीत, आणि गेलेल्यांसारख्या तर मुळीच नाहीत. ‘गोळ्या देऊनही वाढत नाही’ हे निरीक्षण या शिल्लक राहिलेल्यांचे आहे.

त्यात पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत. या दवाखान्यात पहिलटकरणी येतात त्या बहुतेक पाचोड परिसराच्या लेकी, दुसऱ्या गावांना दिलेल्या, सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी आलेल्या. दुसऱ्या खेपेच्या येतात त्या इथल्या सुना. डॉक्टरने वहीतून पहिल्या आणि दुसऱ्या गरोदरपणातल्या हिमोग्लोबिनची तुलना केली तर तिला वाटेल की ती बाळंतपणांच्या संख्येचा परिणाम पाहत आहे. प्रत्यक्षात ती लेकी आणि सुना यांची तुलना करत असते. दोघींचे गाव, ताट, तपासणीचा महिना, सगळेच वेगळे. संगणकावर कितीही चांगले गणित केले तरी हे सुटत नाही, कारण ‘ही लेक की सून’ हा रकाना नोंदवहीत कधी नव्हताच.

इथे कोणी म्हणेल, मग अनुभवाला किंमत काय राहिली? एखादा ताजा पदवीधर मोठ्या पाहणीची आकडेवारी उतरवून घेऊन हेच काम करू शकेल. नाही करू शकणार. वरच्या परिच्छेदातले लेकी-सुनांचे निरीक्षण आकडेवारीच्या फाइलमध्ये नाही. ते ज्याने ही ओपीडी चालवली त्यालाच सुचते. गोळी घेतली का विचारल्यावर बाई ‘घेते की’ म्हणते आणि शौचाचा रंग काळा होतो का विचारल्यावर गप्प होते, हे पाहणीच्या प्रश्नावलीत येत नाही. फडावर पाण्याचा हंडा लांबून आणावा लागतो, पहाटे मळमळ झाली तर कोयता थांबतो, आणि म्हणून गोळी बंद होते ती विसरून नाही तर ठरवून, हा अंदाज बांधायला पंधरा वर्षे या बायकांशी बोललेले असावे लागते. संशोधनात अनुभवाचा उपयोग हा असा आहे. उत्तर काय ते अनुभव सांगत नाही. आकडे कुठे फसवतील, ते तो सांगतो. निवड समितीत बसणाऱ्यांनीही अर्जदाराचा अनुभव यासाठीच तपासावा. सेवेची वर्षे मोजून गुण देणे ही सोपी पण निरुपयोगी पद्धत आहे.

आता तिचा दुसरा खर्डा. प्रश्न असा झाला: ‘ऊसतोडीला जाणाऱ्या गरोदर बायकांच्या लोहाच्या गोळ्यांत हंगामात किती दिवसांचा खंड पडतो, आणि गावात राहिलेल्यांच्या तुलनेत सातव्या महिन्यातल्या त्यांच्या हिमोग्लोबिनमध्ये किती फरक असतो?’ पहिल्या वाक्यापेक्षा हा प्रश्न लहान आणि कमी आकर्षक आहे. पण त्याचे उत्तर दोन्ही बाजूंनी येऊ शकते.

तो परवडतो का, हे निवेदनातच मोजून दाखवावे. दोन गटांत निदान अर्ध्या ग्रॅमचा फरक पकडायचा आहे असे धरू. गरोदर बायकांच्या हिमोग्लोबिनमधली नेहमीची चढउतार, म्हणजे प्रमाण विचलन, 1.3 ग्रॅम धरले तर रूढ सूत्राने प्रत्येक गटात 106 बायका लागतात. फडावर जाऊन गाठणे कठीण, एकतृतीयांश सुटतील असे धरले तर 159. एकाच गावातल्या बायका एकमेकींसारख्या असतात, त्यामुळे दीडपट: सुमारे 240. दोन्ही गट मिळून 480. आता दोन हजार वस्तीचे गाव घ्या. दर हजारी सोळा जन्म धरले तर वर्षाला 32 बाळंतपणे. टोळ्या निघण्याआधी एका वेळी गावात दोन ते साडेचार महिन्यांच्या गरोदर बायका सापडतील सरासरी सहा-सात. सहाच धरू. 480 बायकांसाठी 80 गावे. तीही अर्ध्या बायका जाणार आणि अर्ध्या राहणार असे सोयीचे गृहीत धरून.

एका माणसाला एका हंगामात 80 गावे जमणार नाहीत. आणि हंगाम हाताशी किती? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांनुसार पीएच.डी.ला किमान तीन वर्षे आणि सर्वसाधारणपणे जास्तीत जास्त सहा. त्यात कोर्सवर्क, आराखड्याची मंजुरी, नैतिकता समितीची परवानगी यांत पहिले वर्ष जाते. तीन वर्षांत काम उरकायचे तर गळीत हंगाम खरे मिळतात एक, फार तर दोन. हे गणित पाहून आपल्या डॉक्टरने काय करावे? माझ्या मते प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग सोडून द्यावा. दोन गटांच्या हिमोग्लोबिनची तुलना तसेही डळमळीत होती. जाणाऱ्या बायका अधिक गरीब असतात, त्यामुळे फरक निघाला तरी तो जाण्यामुळे की गरिबीमुळे हे सांगता आले नसते. त्याऐवजी जाणाऱ्या शंभर-सव्वाशे बायकाच घ्याव्यात आणि त्यांचा माग नीट ठेवावा. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये घरोघर यादी करून, नोंदवहीतून नव्हे. शिरेतले रक्त घेऊन स्वयंचलित यंत्रावर मोजणी. शक्य झाल्यास फेरिटिन, आणि त्याच्यासोबत सीआरपी. शरीरात कुठेही दाह असला की फेरिटिन चढते आणि लोह भरपूर असल्याचा भास होतो, म्हणून ही जोडी. मग फोनवर आणि हंगामात एकदा प्रत्यक्ष फडावर जाऊन किती गोळ्या उरल्या ते मोजायचे. विचारायचे नाही, मोजायचे. खंड कधी सुरू झाला, का झाला, जवळच्या उपकेंद्रातून नव्या स्ट्रिप मिळाल्या का. यातून मिळणारे उत्तर ‘रक्तक्षयाचे खरे कारण’ नसेल. पण ते आज कोणाच्याही वहीत नाही, आणि आरोग्य खाते त्यावर काही करू शकते.

तिचा अंदाज चुकीचा ठरेल तो कसा, हेही निवेदनात हवे. बायकांनी फडावर गोळ्या नियमित घेतल्या, दर भेटीला स्ट्रिप रिकाम्या निघाल्या, आणि फेरिटिन चांगले असूनही हिमोग्लोबिन खालीच राहिले, तर खंडाचा मुद्दा निकालात निघेल आणि पहिल्या खर्ड्यातल्या तिच्या जुन्या संशयाला, म्हणजे थॅलसेमियाचे वाहक असणे, बी-12 ची कमतरता अशा दुसऱ्या कारणांना, जागा मिळेल. हे वाक्य लिहायला तिला जड जाणार नाही. उलट, स्ट्रिप भरलेल्या निघाल्या तर पंधरा वर्षे ‘गोळ्या चालत नाहीत’ असे सांगत आलेल्या डॉक्टरला ते लिहायला जड जाईल. म्हणून दोन्ही शक्यता अर्जातच, आधी, लिहिलेल्या असाव्यात.

दवाखाना सोडायचा कशाला, हा प्रश्न समिती विचारतेच, आणि ‘आता समाजाला काही परत द्यायचे आहे’ हे त्याचे उत्तर नाही. नियमांत अर्धवेळ पीएच.डी.ची सोय आहे. सोडण्याचे कारण कामाच्या स्वरूपात दाखवावे लागते. जानेवारीत फडावर आठवडाभर राहायचे तर बाळंतपणे कोण करणार? शिवाय याहून अवघड कारण असे की आपल्याच रुग्णांवर अभ्यास करणारी डॉक्टर ‘नाही’ ऐकू शकत नाही. पुढच्या महिन्यात जिच्याकडे बाळंत व्हायचे आहे तिने संमतीपत्र पुढे केले तर कोणती बाई नकार देईल? संमती खरी असायची असेल तर विचारणारी व्यक्ती उपचार करणारी नसावी. दवाखान्याच्या जुन्या वह्या समितीच्या मंजुरीने, नावे काढून, पार्श्वभूमीसाठी जरूर वापराव्यात. पण प्रमुख अभ्यासातल्या बायका तिच्या रुग्ण नसाव्यात, हे तिने स्वतःहून लिहिले तर समितीचा अर्धा संशय तिथेच फिटेल.

इंजिनिअरांसाठी एवढेच सांगतो की त्यांची वहीही अशीच अपुरी असते. वाळूजच्या एखाद्या कारखान्यात वॉरंटीखाली परत आलेल्या भागांवर दहा वर्षे काम केलेल्या माणसाला त्या भागाच्या मोडण्याविषयी खूप माहिती असते. वॉरंटी संपल्यावर मोडलेले, गावच्या गॅरेजवाल्याने वेल्डिंग करून चालवलेले, किंवा न मोडताच भंगारात गेलेले भाग त्याच्या टेबलावर आलेलेच नसतात. त्याने गॅरेजवाल्यांची यादी करून सुरुवात करावी.

राहिला निवेदनाचा आकार. दोन पाने पुरतात. अर्धे पान काय पाहिले, अर्धे पान ते पाहणे कुठे फसवे होते, बाकीच्यात प्रश्न, गणित आणि हरण्याची अट. सेवेची वर्षे, शिबिरे, सत्कार यांना बायोडेटा आहे. मार्गदर्शकाचे नाव शोधताना त्याच्या कीर्तीपेक्षा त्याने कधी घरोघर यादी करून काम केले आहे का हे पाहावे. साहलीच्या नळीचे दिवस आठवणारा मार्गदर्शक मिळाला तर उत्तम.

आणि पाचोड, अंबड, गेवराईकडून कोणी असा अर्ज लिहिणार असेल तर एक व्यवहाराची गोष्ट. आराखडा आणि नैतिकता समितीची मंजुरी जुलैपर्यंत हातात पडेल असे वेळापत्रक आखा. यादी ऑगस्टमध्ये सुरू झाली पाहिजे. दिवाळीनंतर घरोघर गेलात तर गावात उरलेल्याच बायका पुन्हा भेटतील, आणि त्यांची नोंद तुमच्याकडे आधीच आहे.